सातव्या प्रश्नाचं उत्तर

मी स्वभावाने संशयी आहे. दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला ही सवय आपोआप लागते. गिऱ्हाईक बोलतं काय आणि त्याची नजर फिरते कुठे, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी शिकवलं जाई. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं किराणा दुकान होतं. आजोबा मिरजेकडून आले, अप्पांनी दुकान वाढवलं, आणि मी बी.एस्सी., बी.एड. होऊन लॅमिंग्टन रोडजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. ही गोष्ट माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली, म्हणजे ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली.

शाळेची तपासणी जवळ आली होती. हेडसरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं, ‘‘इन्स्पेक्टर वह्या उघडून बघतात. मागच्या वर्षी त्यांनी शेरा मारलाय, मुलं गाईडमधलं उतरवतात म्हणून. यंदा तसं दिसता कामा नये.’’

नववीला तेव्हा गतीचे नियम चालू होते. मी फळ्यावर दहा छोटे प्रश्न लिहून दिले आणि बजावलं, ‘‘प्रत्येक उत्तराला एक उदाहरण हवं. ते तुमच्या घरातलं, गल्लीतलं, तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं. गाईडमधलं सापडलं तर शून्य.’’

बुधवारी वह्या आल्या. चाळीस वह्यांपैकी तीस वह्यांत बस होती. बस अचानक सुटली की माणूस मागे जातो, अचानक थांबली की पुढे जातो. खरं होतं, पण तीस जणांनी तेच बघितलं असेल यावर माझा विश्वास बसेना. चार वह्यांत ‘जडत्व’ हा शब्द ‘जतड्व’ असा लिहिला होता. चौघंही एकाच बाकाच्या आसपासची. त्यांना मी उभं केलं, दोन मिनिटांत कबुली मिळाली. एकीने चिंच हलवून पाडण्याचं लिहिलं होतं : फांदी हलते, चिंच जागच्या जागी राहू पाहते, म्हणून देठ तुटतो. एकीच्या आईने सतरंजी काठीने झोडपली होती. एकाने सायकल थांबवताना मागे बसलेला भाऊ पाठीवर कसा आदळला, ते इतकं रंगवून लिहिलं होतं की मी हसले. अशा उत्तरांना मी चांगला शेरा दिला.

मग ती वही आली.

तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी मुलगी. आईबापांची एकुलती. वडील मार्केट यार्डात हमाल. घर रेल्वेलाइनच्या पलीकडे, आमच्यासारखीच मराठी बोलणारी, पण बौद्ध वस्ती. वर्गात ती स्वतःहून बोलत नसे. विचारलं तर उत्तर देई, तेही जेवढ्यास तेवढं. तिची सहामाहीची गुणपत्रिका मध्यम होती. एवढीच मला तिची माहिती.

तिची बहुतेक उत्तरं मला आवडली. पोत्यांनी भरलेली लॉरी झटक्याने निघाली की वरची सुटी पोती मागे घसरतात. भरल्या हातगाडीला आणि रिकाम्या हातगाडीला एकाच माणसाने तेवढ्याच जोराने ढकललं तर रिकामी पटकन वेग घेते, भरलेली हळूहळू. लॉरीवरून टाकलेलं गाठोडं झेलताना हमाल गुडघे वाकवतो आणि हात खाली नेत नेत झेलतो, म्हणजे ते थांबायला वेळ जास्त लागतो आणि अंगावर जोर कमी येतो. चिखलात हातगाडी ढकलताना पाय घसरतात, कारण पायाने जमीन मागे ढकलता आली नाही तर जमीन आपल्याला पुढे ढकलत नाही. सगळं बघून लिहिलेलं दिसत होतं. एक चूकही होती. लॉरीवरच्या पोत्यांना ‘कोणीतरी मागे ढकलते’ असं तिने लिहिलं होतं. तसं कोणी ढकलत नाही. लॉरी पुढे जाते, पोती मागे राहतात. ते मी दुरुस्त केलं.

सातवा प्रश्न असा होता : टेबलावर पुस्तक ठेवले आहे. येथे क्रिया आणि प्रतिक्रिया कोणती?

माझं उत्तर ठरलेलं होतं. पुस्तकाचं वजन ही क्रिया, टेबल पुस्तकाला वर ढकलतं ती प्रतिक्रिया. गाईडात तेच होतं, मी कॉलेजात तेच पाठ केलं होतं, वर्गातही तेच सांगितलं होतं. या एका प्रश्नाला सदतीस मुलांनी तेच लिहिलं आणि सदतीस वेळा मी बरोबरची खूण केली. दोघांनी प्रश्न सोडला होता.

तिने लिहिलं होतं :

‘पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा जोर ही जोडी नाही असे मला वाटते. काट्यावर पोते ठेवले आणि कोणी त्याला बाजूने धरून थोडे वर उचलून धरले तर काटा कमी दाखवतो. म्हणजे काट्याचा जोर कमी झाला. पण पोत्याचे वजन कमी झालेले नसते. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी सारख्या असतात असे नियमात आहे. हे दोन जोर सारखे राहिले नाहीत म्हणून ती जोडी नाही. पोते काट्याला खाली ढकलते आणि काटा पोत्याला वर ढकलतो ही एक जोडी. पृथ्वी पोत्याला ओढते आणि पोतेसुद्धा पृथ्वीला ओढते ही दुसरी जोडी. पुस्तकाचे तसेच.’

मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकच वाटलं : हे हिचं नव्हे.

खरं म्हणजे उत्तर बरोबर की चूक, हे आधी बघायला हवं होतं. ते मी बघितलंच नाही. हे लिहिलं कोणी, एवढ्याच गोष्टीच्या मागे मी लागले. लॉरीच्या उत्तरात साधी चूक करणारी मुलगी इथे एकदम दोन-दोन जोड्या कशा लावते? ‘पोते पृथ्वीला ओढते’ हे वाक्य मला कधी कोणी शिकवलं नव्हतं, मी वर्गात सांगितलं नव्हतं. विद्यानगरात कॉलेजची मंडळी घरी शिकवण्या घेत. हिला शिकवणी परवडणार नाही. मग कोणाची तरी वही मिळाली असेल. हिची आई कोणाकडे कामाला जाते का? असे एकातून एक प्रश्न मी लावत गेले. तेव्हा मी स्वतःशी कबूल केलं नसतं, पण आज करते : हीच वही एखाद्या वकिलाच्या मुलीची असती तर मी म्हटलं असतं, हुशार आहे हो पोरगी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं.

‘‘हे सातवं कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी नाही, बाई.’’

‘‘मग सुचलं कसं?’’

ती वहीच्या उघड्या पानाकडे बघत राहिली.

‘‘काट्यावरचं पोतं कोणी उचलून धरलेलं तू कुठे बघितलंस?’’

तिने माझ्याकडे झटकन बघितलं आणि मान खाली घातली. ते बघणं मी ओळखलं असं मला वाटलं. पकडल्या गेलेल्या माणसाची नजर दुकानात मी शंभर वेळा बघितली होती.

‘‘बोल ना. बघितलंस म्हणून लिहिलंस ना? कुठे?’’

‘‘आठवत नाही.’’

‘‘सगळी उदाहरणं आठवतात, हेच आठवत नाही?’’

ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी आलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. मी लाल पेन काढलं, तिच्यासमोर त्या उत्तरावर तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘नक्कल. शून्य.’ वही तिच्या हातात दिली. ‘‘घरी दाखव. सही आण.’’

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ही हकिकत सांगितली. एका ज्येष्ठ बाईंनी मान डोलावली. ‘‘गप्प बसली ना? मग झालं. खरं असतं तर बोलली असती.’’ मला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी प्रार्थना व्हायच्या आधीच तिचे वडील फाटकाशी उभे होते. बुटके, रुंद खांद्यांचे, धुतलेला पांढरा सदरा. मुलगी दोन पावलं मागे. त्यांनी नमस्कार केला.

‘‘अक्कोर, दोन मिनिटं बोलायचं होतं.’’ इकडे बाईमाणूस शिकवत असेल तर कानडीत अक्कोर म्हणतात. यार्डात राहून त्यांच्या मराठीत अशी कानडी मिसळली होती.

मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. ती खोली सकाळी रिकामी असे. माझी समजूत अशी की हे भांडायला आलेत. पण ते भांडले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो निराळाच.

‘‘ही वही इन्स्पेक्टर बघणार आहेत म्हणे?’’

‘‘हो. सगळ्यांच्याच वह्या.’’

‘‘आणि तुम्ही कोप्पीकर रोडमागच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारांची मुलगी. होय ना?’’

‘‘त्याचा इथे काय संबंध?’’

ते मुलीकडे वळले. ‘‘तू बाहेर थांब.’’ ती गेली. त्यांनी दार पुढे लोटलं, पण लावलं नाही. मग वही उघडून माझ्यापुढे धरली.

‘‘मला वाचता येतं, अक्कोर. सातवीपर्यंत शिकलोय. हे उत्तर चूक आहे का बरोबर, ते आधी सांगा. नक्कल आहे का नाही ते मागनं.’’

मी म्हटलं, ‘‘पुस्तकात असं दिलेलं नाही.’’

‘‘पुस्तक राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?’’

मला काय वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी गोलमोल बोलले. नियम असा असतो, नववीला एवढं खोल नसतं, असं काहीतरी. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाकडे मी जसं बघते, तसंच.

कोपऱ्यातल्या मेजावर शाळेचा काटा होता. वर पसरट ताटली, पुढे तबकडी, आत स्प्रिंग. शेजारी दार अडवायला ठेवलेली अर्धी वीट पडली होती. त्यांनी वीट उचलून ताटलीवर ठेवली. काटा दीड किलोच्या जरा पुढे जाऊन थांबला.

‘‘बघा,’’ ते म्हणाले. त्यांनी डावा हात विटेच्या बाजूला लावला, जसा काही वीट पडू नये म्हणून धरलाय. समोरून बघणाऱ्याला तो नुसता आधार वाटला असता. दोन बोटं मात्र विटेच्या कडेखाली गेली होती. काटा सरकत सव्वा किलोवर आला. हात हलल्याचं मला दिसलंसुद्धा नाही.

‘‘आता पाव किलो वजन गेलं कुठं, अक्कोर?’’

मी त्या तबकडीकडे बघत उभी राहिले. विटेचं वजन कुठेच गेलं नव्हतं. पृथ्वी विटेला तेवढंच ओढत होती. कमी झाला होता तो ताटलीचा वर ढकलण्याचा जोर, कारण थोडा भार बोटांनी घेतला होता. माझ्या उत्तराप्रमाणे हे दोन जोर म्हणजे क्रिया-प्रतिक्रिया. म्हणजे कायम सारखे. आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर ते सारखे नव्हते. नुसतं पुस्तक टेबलावर पडलं असताना ते सारखे असतात, ते निराळ्या कारणाने : पुस्तक स्थिर आहे, त्याच्यावरचे दोन जोर एकमेकांना तोलून धरतात. शिवाय ते दोन्ही जोर एकाच वस्तूवर, पुस्तकावरच आहेत. क्रिया एका वस्तूवर आणि प्रतिक्रिया दुसऱ्या वस्तूवर असते, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. लिहिताना त्याचा अर्थ मनात उतरला नव्हता.

‘‘तिचं बरोबर आहे,’’ मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. ‘‘माझं चुकलं.’’

त्यांना आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी हात काढून घेतला आणि तो सदऱ्याला पुसला. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस घाबरलाय. आपण काय करून दाखवलं, हे त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं.

‘‘तुम्ही हे कुठे करता?’’ मी विचारलं.

‘‘मी करतो असं म्हटलं का मी?’’

‘‘नाही.’’

मग दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, ‘‘शेतकरी माल घेऊन येतो. घेणारा सांगतो, पोतं नीट धर रे. धर म्हणजे काय, ते कळतं आम्हाला. काटा उतरला की शेतकऱ्याला तेवढे पैसे कमी. नाही धरलं तर दुसऱ्या दिवशी काम दुसऱ्याला. पोरगी सुट्टीत डबा घेऊन आली होती. बसली असेल बघत. मला काय माहीत ती हे बघतेय! रात्री जेवताना विचारलं तिनं, बाबा, तुम्ही धरल्यावर काटा का उतरला? मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, हे कोणाला बोलायचं नाही. आणि ही बया वहीतच लिहून आली.’’

म्हणून ती गप्प होती.

‘‘हे पान फाडून टाका, अक्कोर. इन्स्पेक्टर सरकारी माणूस. विचारील, कुठला काटा, कोणाचं पोतं. नाव कोणाचं येईल? माझंच येईल. आणि...’’ ते थांबले. ‘‘तुमच्या वडलांना हे सांगू नका.’’

‘‘ते यार्डात माल घेतात म्हणून?’’

‘‘मी कोणाचं नाव घेतलेलं नाही,’’ ते म्हणाले.

मी मुलीला आत बोलावलं. तिची माफी मागितली पाहिजे, हे मला कळत होतं, पण शब्द नीट जुळेनात. ‘‘तुझं उत्तर बरोबर आहे. मी न समजता शेरा मारला,’’ एवढंच म्हटलं. तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग काट्यावरच्या विटेकडे. काय झालं असेल ते तिला तेवढ्यावरून कळलं.

‘‘पान ठेवायचं की काढायचं?’’ मी विचारलं. विचारताना माझ्या मनात काय चाललं होतं, तेही सांगते. पान गेलं तर माझा लाल शेराही जाणार होता. हेडसरांना, इन्स्पेक्टरांना, शिक्षकांच्या खोलीला काही कळणार नव्हतं. म्हणून ते पान जावं असं मला वाटत होतं, आणि त्याला मी तिच्या बापाच्या काळजीचं नाव देत होते.

‘‘काढते,’’ ती म्हणाली. ‘‘मी दुसरं उदाहरण लिहीन. उत्तर तेच राहील ना, बाई?’’

‘‘तेच राहील.’’

तिने पट्टी लावून ते पान सरळ फाडलं, चार घड्या केल्या आणि वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिशात घातलं.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन बसले. यार्डातून माल आला होता. अप्पा पोती मोजून घेत होते, आमचा माणूस मोठ्या काट्यावर एकेक चढवत होता. मी त्याच्या हातांकडे बघत होते. अप्पांनी दोनदा विचारलं, ‘‘काय गं, काय बघतेस एवढं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही.’’ यार्डात अप्पांचा माल कसा तोलला जातो, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही, आणि नंतरच्या पंधरा वर्षांतही विचारलं नाही. आमचं घर त्याच दुकानावर चाललं होतं. माझी फी त्याच गल्ल्यातून गेली होती. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं की नाही, याचीही मला खात्री नव्हती.

सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गाला सांगितलं की सातव्या प्रश्नाचं मी शिकवलेलं उत्तर चुकीचं आहे. सदतीस वह्यांतल्या खुणा मला खोडाव्या लागल्या. मुलं आधी माझ्याकडे, मग एकमेकांकडे बघायला लागली. बाई चुकल्या म्हणजे यात काहीतरी डाव असणार, असा त्यांचा चेहरा. एकाने विचारलं, ‘‘परीक्षेत कुठलं लिहायचं?’’ मी म्हटलं, ‘‘खरं असेल ते.’’ त्याला ते पटलं नाही.

मंगळवारी इन्स्पेक्टर आले. उंच, काळ्या काड्यांचा चष्मा, बोलणं कानडीत. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी वह्यांचा गठ्ठा ओढला. माझा धडा चालू होता, पण माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे. पाचवी की सहावी वही उघडली आणि ते थांबले. शिवणीजवळ फाटलेल्या पानाची बारीक पट्टी राहिली होती. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली.

‘‘ही वही कोणाची?’’

ती उभी राहिली.

‘‘इथलं पान कोणी फाडलं?’’

‘‘मी, सर.’’

‘‘का?’’

ती काही बोलायच्या आत हेडसर पुढे झाले. ‘‘मुलं फाडतात, साहेब.’’

‘‘नीट फाडलंय. पट्टी लावून.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तपासणीच्या आधी वह्या स्वच्छ केल्यात की काय?’’

बाकीची सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. ती मात्र खाली बघत होती. मी बोलले नसते तर सगळं तिच्यावर गेलं असतं, हे मला स्पष्ट दिसलं.

‘‘त्या पानावर मी चुकीचा शेरा मारला होता,’’ मी म्हटलं. ‘‘उत्तर तिचं बरोबर होतं. मला समजलं नाही, म्हणून मी नक्कल असं लिहिलं. नंतर मीच तिला विचारलं की पान काढायचं का.’’

हे सगळं खरं होतं. अर्धं होतं, पण खोटं नव्हतं.

हेडसरांचा चेहरा उतरला. इन्स्पेक्टरांनी नवं उत्तर वाचलं. मग तिला म्हणाले, ‘‘इथे लिहिलंय की पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा जोर ही जोडी नाही. आम्ही तर तीच जोडी शिकलो. तू सिद्ध कर.’’

ती काटा म्हणाली तर? पोतं म्हणाली तर? पण ती शांतपणे आपल्या बाकावर बसली. भिंतीतल्या खिडकीचे गज तिच्या डोक्याच्या वर होते. तिने एक हात वर करून गज धरला.

कानडीत म्हणाली, ‘‘सर, मी बसलेय. बाक मला वर ढकलतोय. आता मी गजाला धरून जरा लोंबकळते. अजून बाकावरच आहे, उठलेले नाही. पण बाकाला माझा भार कमी झाला, म्हणून बाकही मला कमी ढकलतोय. माझं वजन तेवढंच आहे. दोन्ही जोडीतले असते तर दोन्ही एकदम कमी झाले असते.’’

‘‘मग जोडी कुठली?’’

‘‘मी बाकाला ढकलते, बाक मला ढकलतो. एक कमी झालं की दुसरं तेवढंच कमी होतं.’’

‘‘आणि वजनाची जोडी?’’

‘‘पृथ्वी मला ओढते, सर. मी पृथ्वीला ओढते.’’

मागच्या बाकावरचं कोणीतरी हसलं. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी स्वतःच शेजारच्या खिडकीचा गज धरला, बसल्या बसल्या अंग किंचित वर ओढलं आणि तसेच थोडा वेळ राहिले. ‘‘हौदु,’’ ते पुटपुटले. म्हणजे, होय. मग मला विचारलं, ‘‘हे तुम्ही शिकवलंत?’’

‘‘नाही. तिनेच मला दाखवलं.’’

त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही. तिला बस म्हणाले आणि पुढची वही घेतली. पण अहवालात माझ्याबद्दल एक ओळ आली : शिक्षिकेने आपले विषयज्ञान पक्के करावे आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांतील पाने काढू देऊ नयेत. हेडसर महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. ती ओळ मला लागली, पण अन्यायाची वाटली नाही. त्या वर्षी मी कॉलेजची जुनी पुस्तकं काढून गतीचे नियम पहिल्यापासून वाचले, आणि प्रत्येक वाक्यावर संशय घेतला. तेवढा संशय तरी कामाचा होता.

पुढच्या वर्षी कळलं की तिचे वडील आता यार्डात नाहीत, रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करतात. स्वतः सोडलं की कोणी काढलं, ते कळलं नाही. एकदा दहावीच्या फॉर्मसाठी मी त्यांच्या घरी गेले होते. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली फळीवर पुस्तकांची ओळ, बरीचशी जुन्या बाजारातली. तिच्या आईने चहा केला. वडील कामावर होते. आई चहा देताना म्हणाली, ‘‘तुम्हीच का त्या अक्कोर?’’ एवढंच. मी हो म्हटलं.

मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, धारवाडला कॉलेजात गेली, पुढे तिथेच पदार्थविज्ञान शिकवायला लागली. बऱ्याच वर्षांनी धारवाडच्या बसस्टँडवर भेटली. तिने मला आधी ओळखलं. वाकून नमस्कार केला, तब्येतीची चौकशी केली, माझी पिशवी बसमध्ये चढवून दिली. मी म्हटलं, ‘‘त्या सातव्या प्रश्नाबद्दल तेव्हा तुझ्याशी नीट बोलले नाही मी. माफ कर म्हणायचं राहिलं.’’

‘‘असू दे, बाई. जुनी गोष्ट.’’

‘‘तू अजून रागावली आहेस का?’’

तिने जरा विचार केला. ‘‘राग नाही. पण माझ्या वर्गात कोणी चांगलं उत्तर लिहिलं ना, की मी पहिल्यांदा उत्तर वाचते. कोणाचं आहे ते नंतर बघते.’’

बस सुटली. तिने हात हलवला, मीही हलवला. वाटेतल्या नवलूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. माफी तिने दिली होती की नुसती टाळली होती, ते मला नक्की कळलं नाही. आजही कळलेलं नाही.